सातवा महिना: ओटीपोटाच्या हाडात कळ, रात्री हात बधिर. पट्टा नेमका कुठे बांधायचा?

मीनल_मानेवाडा

नमस्कार मंडळी. दुसरी खेप, 28 वा आठवडा. पहिल्या वेळी शेवटपर्यंत धावपळ केली, काही झालं नाही, त्यामुळे यावेळी फार लाड करून घेतले नाहीत. पण गेल्या दोनेक आठवड्यांपासून जांघेच्या मधोमध, समोरच्या हाडावर, अशी कळ येते की सलवारीत पाय घालताना भिंत धरावी लागते. कूस बदलताना तोंडातून आवाज निघतो. डाव्या बाजूला मागे, कमरेच्या खालच्या खळीत, दुखतं ते वेगळं. आम्ही दुसऱ्या माळ्यावर राहतो आणि लिफ्ट नाही. मोठा तीन वर्षांचा आहे, त्याला कडेवर घ्यावंच लागतं.

भरीला पहाटे तीन-साडेतीनला उजव्या हाताला मुंग्या येतात. उठून हात झटकला की बरं वाटतं. सोनोग्राफी, बीपी, शुगर, थायरॉइड सगळं ठीक. डॉक्टर म्हणाल्या, "चालतंच असं, पट्टा बांधा." नणंदेने तिचा पोटाचा पट्टा दिला. तो बांधला की पोट हलकं वाटतं, पण हाडाची कळ तशीच, उलट थोडी जास्तच. मग पट्टा कोणता आणि कुठे? की दुखणंच वेगळं आहे? ज्यांनी हे भोगलंय त्यांनी सांगा.

संत्रा_बर्फी

मे महिन्यात नागपुरात सातवा महिना! आधी तुमच्या हिमतीला दंडवत. पट्ट्याचं माहीत नाही, पण कूलरमध्ये पाणी भरायचं काम घरातल्या दुसऱ्या कोणाकडे तरी द्या. ती बादली उचलणं काही कमी नाही.

वर्षाकाकू_महाल

मीनल, घाबरू नकोस गं. बाळाला जागा करायला हाडं सैल होतात, ते चांगलंच लक्षण आहे. आमच्या वेळी सासूबाई उकिडवं बसून फरशी पुसायला लावायच्या, मांडी घालून धान्य निवडायचं. त्याने सांधे मोकळे होतात आणि डिलिव्हरी नॉर्मल होते. माझ्या तिघी घरच्या घरी झाल्यासारख्या झाल्या. खुर्चीवर बसून बसून आजकालच्या मुलींना हे होतं. रोज अर्धा तास मांडी घाल आणि बघ.

प्रणव_त्रिमूर्तीनगर

धागा पळवतोय, माफ करा. बायकोचा 19 वा आठवडा. तिला उजव्या बाजूला खाली, अगदी जांघेजवळ, सुरी खुपसल्यासारखी कळ येते. शिंकली की येते, पलंगावरून झटकन उठली की येते, दहा-पंधरा सेकंदात जाते. परवा रात्री अपेंडिक्स समजून मी गाडीच काढली होती, तोवर ही झोपलीसुद्धा. हे मीनलताईंसारखंच आहे का?

फिजिओ_अश्विनी

दोघांची दुखणी वेगळी आहेत, म्हणून उपायही वेगळे. मी गेली बरीच वर्षं गरोदर बायकांसोबत काम करते, पण न तपासता लिहितेय हे धरून वाचा.

आधी प्रणव. तुम्ही सांगताय ते राउंड लिगामेंटचं दुखणं वाटतं. गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंनी एकेक दोर निघून जांघेतून खाली उतरतो. चौथ्या ते सहाव्या महिन्यात पोट झपाट्याने वाढतं, दोर ताणलेला असतो, आणि त्यात अचानक शिंक, खोकला किंवा झटक्याने उठणं झालं की तो आणखी ओढला जातो. गर्भाशय बहुतेकींचं थोडं उजवीकडे वळलेलं असतं, त्यामुळे उजवी बाजू जास्त बोलते. खूण तुम्हीच लिहिली आहे: हालचालीने येतं आणि काही सेकंदांत जातं. शिंक येतेय असं वाटलं की तिने कमरेत थोडं पुढे वाकावं किंवा बसल्या जागी गुडघे वर घ्यावेत, म्हणजे दोर आधीच सैल पडतो. कुशीवर झोपताना पोटाखाली घडी केलेला टॉवेल ठेवला तरी फरक पडतो. मीनलच्या नणंदेचा तो पोटाचा पट्टा खरं तर हिच्या कामाचा आहे.

अपेंडिक्सचं दुखणं असं येऊन जात नाही. ते तासातासाने वाढतं, सोबत मळमळ, ताप, जेवणावरून मन उडणं असतं. तसं झालं तर गाडी काढण्यात काहीच चूक नाही. लघवीला जळजळ, रक्त किंवा पाणी जाणं, ठरावीक अंतराने पोट कडक होणं यातलं काही असेल तर लिगामेंट-लिगामेंट करत घरी बसू नका.

मीनल, तुमचं लिहिते थोड्या वेळात. एक सांगा, चालताना दुखतं ते एका पायावर भार आला की जास्त दुखतं का? आणि मुंग्या करंगळीत येतात का?

कीबोर्ड_काका

हाताच्या मुंग्यांचं म्हणाल तर कार्पल टनेल, म्हणजे मनगटात नस दाबली जाणं, मला आठ वर्षांपासून आहे. आयटीत असणाऱ्यांना होतंच. जेलवालं माऊसपॅड घ्या, उभा माऊस घ्या, कीबोर्डची उंची कमी करा. मी मोठा मॉनिटरही घेतला. दर वीस मिनिटांनी ब्रेक घेत जा.

मीनल_मानेवाडा

काका, मी शाळेत मराठी शिकवते. माऊसशी संबंध फक्त निकालाच्या वेळी येतो. 😄

अश्विनीताई, अगदी बरोबर! दोन्ही पायांवर उभी असले तर फार नाही. जिना, स्कूटीवर बसणं, स्कूटी मेन स्टँडला लावणं (हे तर मरण), आणि बाथरूमचा उंच उंबरठा. करंगळीकडे कधी लक्षच दिलं नाही, आज रात्री बघते.

बापूराव_हिंगणा

ताई, ते मेन स्टँड काहून लावता? साइड स्टँड कशासाठी देल्लं कंपनीनं? माह्या बायकोले पण असंच होऊन राहिलं होतं. तिची गाडी मी लपवूनच ठेवली, मग महिनाभर माह्याशी बोलली नाई. दुखणं मात्र कमी झालं. आता गाडीमुळे का बोलणं बंद झाल्यामुळे, देव जाणे.

फिजिओ_अश्विनी

बापूराव, उपाय बरोबर आहे, पद्धत थोडी सुधारायला हवी.

मीनल, हे पेल्विक गर्डलचं दुखणं दिसतंय. साधारण पाच गरोदर बायकांत एकीला होतं, आणि दुसऱ्या खेपेला कडेवर मूल असेल तर जास्त सतावतं. कमरेची हाडं म्हणजे एक गोल कडं. त्याला समोर एक सांधा आणि मागे दोन. दोन्ही पायांवर सारखा भार असला की कडं निभावून नेतं. एक पाय उचलला की सगळा भार एका बाजूने जातो आणि समोरच्या सांध्याच्या दोन कडा एकमेकींवर सरकायला बघतात. तुमची यादी बघा: सलवार, जिना, स्कूटी, उंबरठा, मेन स्टँड, कडेवर पोरगा. प्रत्येकात एक पाय वर आहे किंवा मांड्या फाकल्या आहेत. पोटाचा पट्टा पोट वर उचलतो, या कड्याला धरत नाही, म्हणून त्याने कळ गेली नाही.

नवा पट्टा घ्यायच्या आधी घरी एक करून बघा. पाठीवर सरळ झोपा, दोनच मिनिटं, आणि गरगरलं तर लगेच डाव्या कुशीवर वळा. गुडघा न वाकवता एक पाय वीतभर उचला, मग दुसरा. कोणता जड वाटतो ते लक्षात ठेवा. आता सुती ओढणीची चार बोटं रुंद घडी करा आणि नितंबांवरून घेऊन पुढे घट्ट बांधा. जागा महत्त्वाची आहे. मांडीच्या वरच्या टोकाला, बाहेरच्या बाजूला हात ठेवून पाय आत-बाहेर फिरवला की हाताखाली एक हाड फिरतं. ओढणी त्या हाडाच्या जरा वर, पोटाच्या पूर्ण खाली. आता तोच पाय पुन्हा उचला. हलका वाटला तर पट्ट्याचा उपयोग होईल. फरक नाही पडला तर हीच ओढणी थोडी वर, समोर कमरेची जी दोन टोकं लागतात त्यांच्या लगेच खाली बांधून पाहा. काहींना मागचे सांधे जास्त त्रास देतात, त्यांना वरची जागा मानवते. दोन्हीकडे पाय जडच राहिला किंवा कळ वाढली, तर पट्ट्यावर पैसे घालवू नका.

वर्षाकाकू, ज्या बाईला दुखत नाही तिने मांडी घालावी, उकिडवंही बसावं, ते चांगलंच आहे. पण समोरच्या सांध्यात कळ असताना मांडी आणि उकिडवं बसणं म्हणजे दुखरा सांधा आणखी उघडणं. मीनलने सध्या ते टाळावं.

वर्षाकाकू_महाल

बरं बाई, तुझं शिक्षण आहे. पण आमच्या तीन पिढ्यांत कोणाला पट्टा लागला नाही.

रेखा_प्रतापनगर

काकू, लागला नाही की कोणी विचारलं नाही? माझी आजी सांगायची, शेवटच्या दोन महिन्यांत ती जिना बसून बसून उतरायची, आणि सगळे हसायचे.

माझी गोष्ट सांगते. पाच वर्षांपूर्वी मला हेच झालं. इथल्याच एका दवाखान्यात सांगितलं, "हाड उघडलंय, आता डिलिव्हरीपर्यंत पलंगावरून हलू नका." सातव्या महिन्यापासून झोपून होते. दुखणं काडीचं कमी झालं नाही, पायातली ताकद गेली, आणि सिझेरियन करावंच लागेल असंही ठरवून टाकलं. बाळ झाल्यावर उभं राहायला जमेना. मला आजही कळलेलं नाही की ते उघडलेलं होतं की नव्हतं.

फिजिओ_अश्विनी

रेखा, वाचून वाईट वाटलं. तो सांधा एरवीही 4-5 मिलिमीटर मोकळा असतो, आणि गरोदरपणात प्रत्येकीचा आणखी 2-3 मिलिमीटर सैल होतो. ज्यांचा जास्त सैल होतो त्यांना जास्त दुखतं असा हिशोब बसत नाही. 10 मिलिमीटरच्या वर अंतर गेलं तर मात्र गोष्ट वेगळी. ते बहुधा बाळंतपणाच्या वेळी घडतं आणि बाईला पाऊलही टाकता येत नाही. तुमचं काय होतं ते तपासल्याशिवाय मी सांगू शकत नाही.

पूर्ण पडून राहायला मी सहसा सांगत नाही. स्नायू ढिले पडतात, आणि गरोदरपणात पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी व्हायची भीती आधीच जास्त असते, ती आणखी वाढते. दुखणाऱ्या हालचाली गाळायच्या, बाकी चालू ठेवायचं.

डीएमएलटी_सागर

हे सगळं रिलॅक्सिन हार्मोनमुळे होतं. ते वाढलं की सांधे सैल होणारच, त्याला इलाज नाही. डिलिव्हरी झाली की आपोआप जातं. तोवर एक पेनकिलर जेल लावा, गोळीपेक्षा जेल सेफ.

फिजिओ_अश्विनी

सागर, अर्धं बरोबर. हार्मोनने सांधे सैल होतात हे खरं, पण रक्तात ते किती आहे यावरून कोणाला किती दुखेल ते कळत नाही, आणि इलाज नाही हे तर अजिबात खरं नाही. जेलबद्दल मात्र सावध. बहुतेक जेलमध्ये डायक्लोफेनॅक असतं. त्या गटातली औषधं 20 व्या आठवड्यानंतर बाळाच्या किडनीवर परिणाम करू शकतात, आणि शेवटच्या तीन महिन्यांत बाळाच्या हृदयाजवळची एक नळी वेळेआधी बंद होण्याची भीती असते. जेलमधून कमी शोषलं जातं, तरी स्वतःच्या मनाने नको. अगदीच गरज पडली तर डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल.

बापूराव_हिंगणा

गरम पाण्याच्या पिशवीचं काय? का नागपुरात 46 डिग्रीत बाहेर उभं राहिलं तरी शेक होऊन जाते?

फिजिओ_अश्विनी

😄 पाठीच्या खालच्या भागाला कोमट पिशवी दहा-पंधरा मिनिटं चालेल. पोटावर नाही. बाहेर उभं राहून फक्त चक्कर येईल.

मीनल_मानेवाडा

रात्री दोन्ही परीक्षा दिल्या.

पहिली: उजवा पाय सहज उचलला. डावा उचलायला गेले तर जणू दुसऱ्या कोणाचा पाय आहे, आणि समोर कळ. ओढणी खालच्या जागी बांधली आणि पाय चक्क वर गेला! नवऱ्याला वाटलं मी नाटक करतेय, म्हणून पुन्हा सोडून, पुन्हा बांधून दाखवलं. वरच्या जागी बांधली तर थोडाच फरक.

दुसरी: मुंग्या अंगठा, पहिलं बोट, मधलं बोट आणि अनामिकेच्या अर्ध्या भागात. करंगळी एकदम ठणठणीत. अनामिकेची एक बाजू जागी आणि दुसरी झोपलेली, हे बघून हसूच आलं.

फिजिओ_अश्विनी

म्हणजे तुम्हाला खालच्या जागेचा पट्टा हवा. दुकानात मॅटर्निटी बेल्ट मागितलात तर पुन्हा पोटाचाच देतील. एसआय बेल्ट मागा, अरुंद, चार-पाच बोटांचा, मागे ताणायला दोन पट्ट्या असलेला. घट्टपणा इतका की आत दोन बोटं सरकतील. जास्त आवळलं म्हणजे जास्त फायदा असं नाही. कपड्याच्या घडीवर बांधा, नाहीतर या उकाड्यात घामोळं येईल. उभं राहायचं, चालायचं, जिना चढायचा असेल तेव्हा बांधा. बराच वेळ बसताना किंवा झोपताना काढा.

आता पट्ट्यापेक्षा जास्त कामाचं सांगते. सलवार पलंगाच्या कडेला बसून घाला. जिना चढताना चांगला पाय, म्हणजे तुमचा उजवा, आधी वर ठेवा आणि डावा त्याच पायरीवर आणा. उतरताना डावा आधी खाली. कठडा धरा, आणि दिवसातून किती वेळा वर-खाली करायचं ते सकाळीच ठरवा. कूस बदलताना दोन्ही गुडघे वाकवून एकत्र दाबा, मध्ये छोटी उशी, आणि खांदे व कंबर एकाच वेळी ओंडक्यासारखी फिरवा. आधी खांदा आणि मग ओढत पाय आणला की कळ येणारच. सुती चादरीवर सुती गाऊन अडकतो, म्हणून कमरेखाली एखादं गुळगुळीत सॅटिनचं कापड टाका, वळणं फार सोपं होतं. कुशीवर झोपताना उशी गुडघ्यांपासून घोट्यापर्यंत हवी. फक्त गुडघ्यात ठेवली तर पाऊल खाली लोंबतं आणि मांडी पिळली जाते.

कारमध्ये आधी पाठमोरं बसा आणि मग दोन्ही पाय जोडून आत घ्या. सीटवर प्लास्टिकची पिशवी ठेवली तर अंग सहज फिरतं. मुलाला उचलायचंच असेल तर तुम्ही सोफ्यावर बसा आणि त्याला वर चढू द्या. कडेवर घेणं बंद.

अभय_धरमपेठ

माझा आक्षेप आहे. पट्टे बांधून स्नायू आळशी होतात. माझ्या पाठीच्या दुखण्याला डॉक्टरांनी बेल्ट काढायला लावला आणि व्यायाम दिला, तेव्हाच बरं झालं. इथे सगळे पट्टा-पट्टा करताहेत.

फिजिओ_अश्विनी

आक्षेप रास्त आहे. पट्ट्याचा फायदा मोठ्या प्रमाणात सिद्ध झालाय असं मी म्हणणार नाही. काहींना तो खूप उपयोगी पडतो, काहींना शून्य. म्हणून तर आधी ओढणीची परीक्षा. आणि हे दोन-तीन महिन्यांचं प्रकरण आहे, वर्षानुवर्षं बांधायचा नाही.

व्यायाम हवाच. मीनलसाठी दोन पुरे: हात-गुडघ्यांवर ओणवं होऊन श्वास सोडताना बाळाला अलगद पाठीकडे ओढल्यासारखं पोटाचा खालचा भाग आत घेणं, पाठ न हलवता. आणि कुशीवर झोपून गुडघ्यांतली उशी हळूच दाबून पाच मोजणं. दाबताना समोर कळ आली तर जोर निम्मा करा, तरीही आली तर तो सोडा. एका पायावरचे किंवा पाय फाकवण्याचे व्यायाम व्हिडिओ बघून करू नका. गरोदरपणाच्या योगात फुलपाखरू फार लोकप्रिय आहे, ते तुमच्यासाठी नाही.

संत्रा_बर्फी

अरे देवा, मी तर सगळ्या मैत्रिणींना फुलपाखरूच सांगत होते.

प्रणव_त्रिमूर्तीनगर

बायकोचा निरोप: शिंकेआधी वाकण्याची युक्ती लागू पडली. फक्त काल मोड आलेल्या मटकीला फोडणी देत असताना शिंक आली आणि ती ओट्याखाली गायब झाली, आई घाबरली.

कीबोर्ड_काका

माझं मत कोणी विचारात घेत नाही, पण मनगटाच्या पट्ट्याचं मला खरंच माहीत आहे. मी वापरतो. मीनलताई, बाजारात मिळणाऱ्या स्प्लिंटमध्ये आत धातूची पट्टी असते आणि ती बहुधा वरच्या बाजूला वाकवलेली येते. तशीच घातली तर पंजा मागे राहतो आणि मुंग्या जात नाहीत. मी दोन महिने तशीच घालून स्प्लिंटला शिव्या देत होतो. पट्टी बाहेर काढून टेबलाच्या कडेवर दाबून सरळ करा, मग आत घाला.

फिजिओ_अश्विनी

काका, हा या धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रतिसाद आहे. मनगट अगदी सरळ असलं की आतल्या बोगद्यात नसेला सगळ्यात जास्त जागा मिळते. गरोदरपणात अंगात पाणी साठतं, रात्री आडवं झाल्यावर ते हातांकडे येतं, त्यात मनगट दुमडून उशीखाली गेलं की नस दाबली जाते. म्हणून पहाटे त्रास. स्प्लिंट रोज रात्री घाला, एखाद्या रात्री पटकन फरक दिसला नाही म्हणून सोडू नका. बोटं मुळापासून मोकळी वाकली पाहिजेत, अंगठाही मोकळा. बांधल्यावर बोटं थंड किंवा निळसर पडली तर फार आवळलंय.

तुमची करंगळी शाबूत आहे म्हणून मी कार्पल टनेल म्हणतेय. करंगळीतही मुंग्या असत्या तर कोपर किंवा मानेकडे बघावं लागलं असतं. दिवसा स्कूटीची मूठ पिळताना, पोळ्या लाटताना, आडवं पडून फोन धरताना मनगट वाकलेलं राहतं. तिथे लक्ष द्या.

मीनल_मानेवाडा

आडवं पडून फोन, हो. हा धागाही तसाच वाचत होते. 🙈

काका, मनापासून आभार. नवऱ्याने पक्कडीने पट्टी सरळ केली.

स्नेहल_नंदनवन

माझा अनुभव थोडा वेगळा. मलाही हात बधिर व्हायचे, सगळे म्हणायचे गरोदरपणात होतंच. एका आठवड्यात अंगठ्या निघेनात, चेहरा सुजला, डोकं ठणकायला लागलं. बीपी खूप वाढलेलं निघालं, त्याच दिवशी भरती केलं. बाळ आणि मी ठीक आहोत, पण सूज अचानक वाढली तर स्प्लिंटच्या आधी बीपी मोजा.

फिजिओ_अश्विनी

स्नेहलच्या प्रतिसादावर एक भर. डोळ्यांपुढे चमकणं किंवा बरगडीखाली उजवीकडे दुखणं असेल तर वाट बघू नका. एकाच पोटरीला सूज आणि दुखणं आलं तरी त्याच दिवशी दाखवा. आणि हाताचं म्हणाल तर, बधिरपणा दिवसभर राहायला लागला, कप हातातून सुटायला लागला, हुक लावताना अंगठ्यात जोर नसेल, तर स्प्लिंटवर भागवू नका. मनगटात इंजेक्शन देता येतं, गरोदरपणातही, ते डॉक्टर ठरवतील.

मीनल_मानेवाडा

पंधरवड्यानंतरची बातमी. पट्टा मिळाला, पण चार दुकानं फिरल्यावर. तिघांनी पोटाचाच पुढे केला, चौथ्याने कमरेचा रुंद. शेवटी मेडिकल चौकातल्या एका दुकानात जुना माणूस होता, त्याने न विचारता योग्य तो काढला. जिना आता एकेक पायरीने चढते, मागून येणाऱ्या शेजाऱ्यांची रांग लागते. सॅटिनसाठी एक जुना दुपट्टा सापडला आणि कूस वळताना ओरडणं जवळजवळ थांबलं. कळ पूर्ण गेलेली नाही. ज्या दिवशी शाळेत जास्त उभी राहते त्या रात्री वसूल होते. मुंग्या मात्र आठवडाभरात बऱ्याच कमी झाल्या, आता कधीतरीच जाग येते.

दोन प्रश्न. पुढच्या रविवारी ओटी भरायची आहे, सासूबाई पाटावर बसायचं म्हणताहेत. आणि दुसरा, खरा प्रश्न: डिलिव्हरीच्या वेळी पाय इतके फाकवतात, तेव्हा या सांध्याचं काय होणार? रेखाताईंचं वाचल्यापासून झोप उडालीय.

वर्षाकाकू_महाल

पाटाचं मी बघते. खुर्चीवर पाट ठेवायचा, त्यावर तुला बसवायचं. औक्षण खुर्चीवर होत नाही असं कुठे लिहिलंय? सासूबाईंना माझं नाव सांग.

बापूराव_हिंगणा

काकूनं पार्टी बदलली!

फिजिओ_अश्विनी

काकू जिंदाबाद.

मीनल, या दुखण्यामुळे सिझेरियन करावंच लागतं असं नाही. पण तुमच्या डॉक्टरांना आधी सांगून ठेवायला हवं. शेवटच्या महिन्यात पाठीवर टेकून बसा, दोन्ही गुडघे हळूहळू बाजूला न्या आणि कळ सुरू होण्याआधी थांबा. नवऱ्याला टेपने गुडघ्यांतलं अंतर मोजायला सांगा. ते सेंटिमीटरमध्ये फाइलवर लिहून घ्या. कळा देताना पाय शक्यतो त्याच्या आत ठेवायचे. कुशीवर झोपून, वरचा पाय कोणीतरी धरून, किंवा हात-गुडघ्यांवर, अशी प्रसूती या दुखण्यात सोयीची जाते. कमरेत इंजेक्शन देऊन वेदना बंद केल्या तर तुम्हाला कळ जाणवणार नाही आणि पाय जास्त ताणले जातील, म्हणून तेव्हा तर तो आकडा माहीत असायलाच हवा. पाय रिकिबीत अडकवायचे असतील तर दोन्ही एकाच वेळी वर घ्या आणि एकाच वेळी खाली.

रेखा_प्रतापनगर

हे मला कोणी सांगितलं असतं तर. पण अश्विनीताई, इथल्या लेबर रूममध्ये कुशीवर झोपून डिलिव्हरी करू देतात का? टेबलावर चढवतात आणि पाय बांधतात, हा अनुभव आहे.

फिजिओ_अश्विनी

सगळीकडे नाही देत, हे कबूल. काही डॉक्टर आधी बोललं तर तयार होतात, काही "आमच्याकडे तसं नाही" म्हणतात. म्हणून 34-35 व्या आठवड्यातच विचारायचं, ऐनवेळी लेबर रूममध्ये नाही. नाहीच म्हणाले तरी गुडघ्यांचं अंतर आणि दोन्ही पाय एकदम, एवढं तरी नर्सला सांगण्यासाठी सोबत कोणीतरी असू द्या.

डीएमएलटी_सागर

आणि डिलिव्हरीनंतर किती दिवसांत जातं? बहीण विचारतेय, तिला चार महिने झाले, अजून दुखतं.

फिजिओ_अश्विनी

बहुतेकींचं काही आठवड्यांत बरंच कमी होतं, काहींचं काही महिने चालतं. चार महिन्यांनीही दुखत असेल तर आपोआप जाईल म्हणून बसू नका, तपासून घ्या. ती बाळाला पाजताना कशी बसते? आणि एकाच कडेवर घेते का?

डीएमएलटी_सागर

मांडी घालून, पलंगावर. कडेवर डावीकडे. विचारून सांगतो अजून.

मीनल_मानेवाडा

डॉक्टरांची तारीख गुरुवारी आहे. कुशीवरच्या डिलिव्हरीचं विचारते आणि काय म्हणाल्या ते इथे लिहिते. टेप शिवणाच्या डब्यातून काढून ठेवलीय, मोठ्या पोराचा आत्ताच कूलर मोजून झाला.